आजीला खूप राग आला

सातवीच्या निबंधाच्या वह्या तपासताना एकच वाक्य सारखं भेटत होतं. बाबांना खूप राग आला, सरांना खूप राग आला, आजीला खूप राग आला. मराठीत रागाला इतके शब्द असताना मुलांनी सगळा भार 'खूप'वर टाकलेला बघून मला वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी खिडकीच्या गजापासून फळ्याच्या खिळ्यापर्यंत सुतळी बांधली. कपड्यांचे चिमटे आणि सहा चिठ्ठ्या दिल्या: नाराज होणे, चिडणे, रागावणे, संतापणे, खवळणे, रुसणे. सौम्य शब्द खिडकीकडे, तीव्र फळ्याकडे.

भांडण लागलं की 'नुसता' लावून बघायचं ठरलं. 'आई नुसती चिडली नाही, संतापली' हे कानाला पटतं. 'आई नुसती संतापली नाही, चिडली' म्हटलं की गाडी उलटी गेल्यासारखं वाटतं. म्हणजे संतापणे पुढे. नाराज मागे राहिलं, खवळणे टोकाला गेलं; समुद्र खवळतो हे मुलांना ठाऊकच होतं.

रागावणे मात्र कुठेच टिकेना. एक मुलगी म्हणाली, "बाई, काल तुम्ही मला रागावलात, पण तुम्हाला राग कुठे आला होता?" तिचं खरं होतं. मी फळ्यावर दोन वाक्यं लिहिली: 'बाई मला रागावल्या' आणि 'बाई माझ्यावर रागावल्या'. पहिल्यात बोलणी बसली, दुसऱ्यात मनात राग आहे. सुतळीवर दुसराच अर्थ घ्यायचा ठरला. तरी चिडणे आधी की रागावणे, याचा निकाल 'नुसता'नेही लागेना, दोन्हीकडून वाक्य चालत होतं. शेवटी दोन्ही चिठ्ठ्या एकाच चिमट्यात अडकवल्या. प्रत्येक शब्दाला वेगळी पायरी मिळालीच पाहिजे असा हट्ट धरला, तर भाषेवर जबरदस्ती होते, असं माझं मत आहे.

उरलं रुसणे. कोणी ते नाराजच्या शेजारी लावलं, कोणी पार पुढे. मग मी माणूस बदलून बघायला सांगितलं. कंडक्टरवर चिडता येतं, संतापता येतं. 'कंडक्टरवर रुसलो' म्हटल्यावर सगळा वर्ग हसला. "का नाही चालत?" मी विचारलं.

"तो थोडीच समजूत काढायला येणार आहे!" मागच्या बाकावरून उत्तर आलं.

राग कमी की जास्त, हे रुसण्यात मोजायचंच नसतं. समोरचं माणूस आपलं लागतं, एवढीच त्याची अट. ती चिठ्ठी सुतळीवरून काढून मी टेबलावर ठेवली.

तास संपल्यावर 'आजीला खूप राग आला' लिहिणारा मुलगा वही घेऊन आला. ते वाक्य खोडून त्यानं खाली लिहिलं होतं: 'आजी बाबांवर रुसली होती. रात्री बाबाच ताट घेऊन तिच्या खोलीत गेले.'