कुट्टी मशीन आणि एक फोटो

संध्याकाळची ओपीडी सुरू होती. समोर खोकल्याचा पेशंट, टेबलावर मोबाईल. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘म्हशीवाले भाऊ’ या नावाने एक फोटो आला. खाली एक अक्षर नाही.

भाऊंच्या बायकोचा हात असावा हे बांगड्यांवरून कळत होतं. हिरवा चुडा, त्यातली एक बांगडी फुटलेली. अंगठा बुंध्यापाशी संपलेला. मनगटाला करकचून सुतळी बांधलेली आणि मागे कडब्याचा भुगा.

आमच्या संगमनेरच्या पट्ट्यात दूधधंदा घरोघरी आहे, त्यामुळे कडबा कापायची कुट्टी मशीनही घरोघरी आहे. तिच्यात सापडलेले असे हात वर्षातून कधीतरी दिसतातच. पण अपघातांचे फोटो गावच्या ग्रुपवरही फिरत असतात, त्यामुळे मी आधी वर ‘फॉरवर्डेड’ लिहिलंय का ते पाहिलं. नव्हतं. फोन लावला, तर रिंग वाजून थांबली. फोटो पाठवून त्याने मोबाईल खिशात टाकला असणार.

काय झालं, कधी झालं, कोणाचं, असे प्रश्न टाईप करण्यात तेव्हा अर्थ नव्हता. ज्याला एक शब्द लिहिता आला नाही, तो माझ्या चार प्रश्नांची उत्तरं कुठून लिहिणार? त्याला माझ्याकडून काय हवंय, हेही मला माहीत नव्हतं. टाके हवेत, गाडी हवी, की घाबरून नंबर सापडला तिथे फोटो पाठवला? त्याला काहीही हवं असलं तरी वाहत्या रक्ताला लागू पडणारी गोष्ट एकच होती. मी आवाजी मेसेज टाकला, कारण वाचायला डोळे थांबवावे लागतात, कानाला तसं काही लागत नाही. “भाऊ, फोटो पाहिला. मी आहे इथे. धुतलेलं फडकं जखमेवर ठेवा आणि तळहाताने जोरात दाबून धरा. दर मिनिटाला उघडून बघू नका. त्यांना आडवं करा, हात उंच धरा. मी परत फोन लावतेय, उचला.”

‘काही होत नाही’ असं मी म्हटलं नाही. ते मला माहीत नव्हतं. ‘लगेच इकडे घेऊन या’ असंही म्हटलं नाही, आणि ते फार बरं झालं.

दुसऱ्यांदा फोन उचलला. मागे कोणी रडत होतं.

“मॅडम, दवाखाना उघडा आहे ना? टाके घालायचेत. निघालोच आम्ही.”

म्हणजे विचारायचं होतं ते हे.

“थांबा. दाबून कोणी धरलंय?”

“आईनं.”

“त्या बोलतायत का तुमच्याशी? चक्कर, घाम?”

“बोलतीय. थरथरतीय नुसती.”

सुतळीची मला काळजी होती. बारीक दोरी मनगटात रुतली की जखमेला रक्त मिळत नाहीच, वर उरलेल्या चार बोटांचंही तुटतं. तळहाताचा दाब नीट बसलाय ना, एवढं विचारून घेतलं आणि मग ती कापायला सांगितली. बोटाची रक्तवाहिनी सरळ कापली गेली की आत आखडते. दहा-पंधरा मिनिटं न हलवता दाबलं तर बहुतेक वेळा रक्त थांबतं. इथेही थांबलं. बांगड्या साबण लावून उतरवायला सांगितल्या. हात सुजला की काचेच्या बांगड्या निघत नाहीत. सासूबाईंनी मागून विचारलं, “वाढवल्या तर चालतील का?” म्हटलं, “मावशी, आधी साबणानं बघा, नाही निघाल्या तर वाढवा. पण काच हाताला लागू देऊ नका.”

मग मी विचारलं, “अंगठ्याचा तुकडा कुठे आहे?”

तो क्षणभर गप्प झाला. “मेव्हणा खड्डा काढतोय मॅडम. कुत्र्यांनी ओढायला नको म्हणून.”

फोटोत हे कुठेच नव्हतं, आणि त्यानेही विचारलं नसतं. त्याच्या लेखी अंगठा गेला होता, उरला होता तो टाक्यांचा प्रश्न. हाताच्या कामाचा सुमारे चाळीस टक्के भार एकट्या अंगठ्यावर असतो. त्यामुळे तो परत जोडता येईल का हे सर्जन नेहमी आधी बघतात, बाकीच्या बोटांचा विचार नंतर करतात. माझ्या छोट्या दवाखान्यात टाके घातले असते तर ते दार बंदच झालं असतं.

तुकडा कापलेल्या चाऱ्यात होता, मेव्हण्याने आधीच शोधून बाजूला ठेवलेला. वरची माती पिण्याच्या पाण्याच्या हलक्या धारेखाली जाऊ द्यायची, घासायचं नाही, हळद किंवा डेटॉल लावायचं नाही. स्वच्छ सुती कापड ओलं करून घट्ट पिळायचं, त्यात गुंडाळायचं, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधायचं. ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवायची. बर्फावर थेट नाही, कारण गोठलं की पेशी फुटतात आणि मग जोडायला काही उरत नाही. घरात थर्मास नव्हता. दुधाची किटली होती, फ्रीजमध्ये बर्फाचा ट्रे होता. तेवढ्यावर भागलं. बाईंना काही खायला-प्यायला देऊ नका असंही बजावलं, कारण भूल द्यावी लागणार होती. चहा ठेवला गेला होताच.

बोटात स्नायू नसतात, म्हणून बोटाचा तुकडा नीट थंड ठेवला तर चोवीस तासांपर्यंत टिकू शकतो. हात मनगटाच्या वर तुटला तर एवढी सवलत मिळत नाही, तिथे वेळ बराच कमी असतो. तरी हे मी त्याला सांगितलं नाही. वेळ आहे म्हटलं की माणसं आधी धारा काढून घेतात.

नाशिकच्या एका प्लॅस्टिक सर्जनना फोन केला. त्यांनी फोटो मागितला. मी भाऊंना विचारलं, “हा फोटो तुमच्या मंडळींच्या हाताचा आहे, सर्जनना पाठवू ना?” तो म्हणाला, “मॅडम, ते काय विचारायचं.” पण विचारायचं असतं. सर्जनना तुकड्याचाही फोटो हवा होता, दोन्ही बाजूंनी. पात्याने सरळ कापलंय की रोलरने ओढून तोडलंय, हे त्यावरून कळतं. ओढलेल्या बोटाला पांढरा स्नायूबंध दोरीसारखा लोंबतो, कडेने तांबडी रेघ उमटते, आणि आतल्या रक्तवाहिन्या लांबवर फाटलेल्या असतात. इथे कड बऱ्यापैकी सरळ होती. मशीनला उलटा फिरवायचा दांडा होता आणि सासूबाईंनी तो वेळेवर ओढला होता, म्हणून रोलरने हात आणखी आत घेतला नाही. सर्जन म्हणाले, “पाठवा, पण जुळेलच असं सांगू नका.” मी तसंच सांगितलं. १०८ ची गाडी यायला वेळ लागेल असं कळलं, शेजाऱ्याची जीप दारात उभी होती, रक्तही थांबलं होतं. जीपने गेले. धनुर्वाताचं इंजेक्शन तिथेच द्यायचं ठरलं.

रात्री मोबाईलच्या गॅलरीतून दोन्ही फोटो काढून टाकले. तो मोबाईल घरी मुलं हाताळतात.

अंगठा जुळला. दुसऱ्या दिवशी निळा पडायला लागला होता, रक्त आत जात होतं पण बाहेर येत नव्हतं. त्यासाठी पुन्हा थिएटरमध्ये नेलं. आता वरचा सांधा वाकत नाही, थंडीत अंगठा दुखतो, टोकाला स्पर्श अर्धवट कळतो. धार काढायला त्या डावा हात जास्त वापरतात. सुई धरता येत नाही, भाकरी मात्र थापतात. कुट्टीच्या तोंडाला भाऊंनी लांब पत्र्याचं झाकण बसवून घेतलंय आणि चारा लाकडी फळीने ढकलतात.