तासाचा दर ७५० की १,२००?

वडोदऱ्यात, अलकापुरीत आमची इंजिनिअरिंग डिझाइन कन्सल्टन्सी आहे. रासायनिक कारखान्यांसाठी पाइपिंगचे नकाशे काढून देणं हे मुख्य काम. बिल तासांवर होतं. मी हिशेब आणि कोटेशन बघतो.

त्या सोमवारी आमचे मालक, म्हणजे सर, खुशीत आले. दहेजला प्रकल्प असलेल्या एका मोठ्या कंपनीने वडोदऱ्यातल्या आपल्या इंजिनिअरिंग ऑफिससाठी आमचा एक अनुभवी पाइपिंग डिझायनर वर्षभर मागितला होता. दर तासाला ७५० रुपये. काम असेल तेव्हा बोलावणार, जेवढे तास काम तेवढं बिल.

"त्याचा पगार साठ हजार," सर म्हणाले. "२६ दिवस, आठ तास. तासाला २८८ पडतात. ७५० म्हणजे अडीचपटीहून जास्त. आज होकार कळवून टाक."

मी म्हटलं, "सर, दुपारपर्यंत थांबा. मी नीट मांडून दाखवतो."

आधी पगार घेतला. साठ हजारांचे वर्षाचे ७ लाख २० हजार होतात, पण तो माणूस आम्हाला तेवढ्यात पडत नाही. त्याचा बेसिक तीस हजार आहे आणि आम्ही पूर्ण बेसिकवर पीएफ भरतो. मालकाचे बारा टक्के, विमा आणि प्रशासकीय शुल्कासाठी ठोकळमानाने आणखी एक टक्का, असे वर्षाला ४६,८०० धरले. ग्रॅच्युइटी माणूस नोकरी सोडतो तेव्हा द्यायची असली तरी ती दर वर्षी साठत असते: बेसिकच्या पंधरा दिवसांचे, महिना २६ दिवसांचा धरून, साधारण १७,३०० रुपये. त्यात दिवाळीचे तीस हजार आणि आरोग्य विम्याचे नऊ हजार. बेरीज ८ लाख २३ हजार.

इथवर सरांना काही वाटलं नाही. खरा प्रश्न तासांचा होता, म्हणून मी टाइमशीट उघडली.

वर्षाच्या ३६५ दिवसांतून रविवार, दुसरा-चौथा शनिवार, उत्तरायणाच्या दोन दिवसांसकट सणांच्या सुट्ट्या आणि त्याच्या हक्काच्या रजा वजा केल्या, की २५८ दिवस उरतात. आठ तासांनी २,०६४ तास. सरांच्या हिशेबात ते जवळपास अडीच हजार होते. आणि या २,०६४ तासांतलेही सगळे बिलात जात नाहीत. मागच्या तिमाहीत तो ५१६ तास ऑफिसात होता, त्यातल्या ३६१ तासांचं बिल झालं. म्हणजे सत्तर टक्के.

उरलेले तास कुठे गेले ते सरांना ओळीओळीने दाखवलं. एका आठवड्यात सलग तीन दिवस "होल्ड" असा शेरा होता. पंप पुरवणाऱ्याकडून नॉझलच्या दिशांचं ड्रॉइंग आलेलं नव्हतं आणि त्याशिवाय पाइप कुठून वळवायचा हे ठरत नव्हतं. तो रिकामा बसला नव्हता, त्याने व्हॉल्व्हची जुनी लायब्ररी नीट करून ठेवली, पण ते तास कुठल्याच ग्राहकाच्या नावावर टाकता येत नाहीत. पुढे नव्या मुलीला पाइपचे आयसोमेट्रिक नकाशे तपासायला शिकवलं, ते तास होते. एका टेंडरसाठी तासांचा अंदाज बांधून दिला, ते टेंडर आम्हाला मिळालंच नाही. यातलं एकही काम टाळण्यासारखं नाही. म्हणून पगाराला भागायचं ते बिलाच्या तासांनी: २,०६४ च्या सत्तर टक्के, म्हणजे १,४४५.

मग ऑफिसचा खर्च. आमच्याकडे बिलात जाणारी माणसं नऊ. मी, ऑफिस सांभाळणाऱ्या ताई आणि कामं आणणारा इंजिनिअर, आम्हा तिघांचं बिल कोणावरच लागत नाही. आमचे पगार, भाडं, वीज, संगणक, ऑडिट, सॉफ्टवेअरचे परवाने मिळून वर्षाला ४१ लाख ४० हजार होतात.

"यात तुम्ही कुठे आहात, सर?" मी विचारलं.

"मी कशाला? मला उरलेलं मिळतंच."

याच मुद्द्यावर मी अडून बसलो. सर रोज दहा-दहा तास काम करतात. उद्या त्यांच्या जागी माणूस ठेवायचा तर त्याला पगार द्यावा लागेल. तो खर्चात धरला नाही, तर ज्याला आपण नफा म्हणतो तो सरांचा न घेतलेला पगार असतो. बऱ्याच छोट्या कन्सल्टन्सींचे दर इथेच फसलेले मी पाहिलेत. शेवटी सरांनी वर्षाला १२ लाख ६० हजार हा आकडा मान्य केला. एकूण ५४ लाख, नऊ जणांत वाटले की माणशी सहा लाख.

आता ८ लाख २३ हजार आणि सहा लाख मिळून १४ लाख २३ हजार. भागिले १,४४५. तासाला ९८५ रुपये. हा नुसता खर्च, आणि कंपनी देत होती ७५०.

सर बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिले.

नफा आम्ही बिलाच्या पंधरा टक्के धरतो. तो ९८५ वर पंधरा टक्के चढवून निघत नाही. तसं केलं तर १,१३३ येतात आणि बिलाच्या मानाने नफा तेरा टक्केच पडतो. त्यासाठी ९८५ ला ०.८५ ने भागायचं, म्हणजे १,१५९. शिवाय ही कंपनी नव्वद दिवसांनी पैसे देते, तोवर आम्ही ओव्हरड्राफ्टवर अकरा टक्के व्याज भरतो. तो बोजा बिलाच्या २.७ टक्के. दर झाला १,१९१, कोटेशनला १,२००. जीएसटी वेगळा, तो आपला पैसाच नाही.

यातला सगळ्यात नाजूक आकडा पगाराचा नाही, त्या सत्तर टक्क्यांचा आहे. तो साठवर आला तर तासाचा खर्च १,१४९ होतो आणि पंधरा टक्के नफा जवळजवळ पुसला जातो. म्हणून दर महिन्याला मी आधी बिलाचे तास बघतो, मग बँकेतली शिल्लक.

पण १,२०० सांगितले तर काम जाणार हे दिसत होतं. म्हणून हिशेब उलटा केला. कंपनीने महिन्याला किमान १६० तासांची हमी दिली तर? वर्षाचे १,९२० तास होतात. होल्ड लागला तरी बिल चालू राहतं. तो त्यांचं सॉफ्टवेअर वापरेल, त्यामुळे नूतनीकरणाला आलेला आमचा एक परवाना सोडता येईल आणि १ लाख २० हजार वाचतील. भाडं मात्र मी कमी केलं नाही. त्याची खुर्ची रिकामी राहिली म्हणून घरमालक भाडं कमी घेत नाही. १३ लाख ३ हजार भागिले १,९२०, त्यावर नफा आणि व्याज धरून ८२० रुपये.

त्याच संध्याकाळी दोन दर कळवले: हवं तेव्हा बोलावलं तर १,२००, महिना १६० तासांच्या हमीवर, तिमाहीची सरासरी धरून, ८२०. सरासरीची अट दिवाळीच्या महिन्यासाठी. तेव्हा तो रजेवर असतो आणि एकट्या त्या महिन्यात १६० भरत नाहीत.

दोन-तीन दिवसांनी त्यांच्या खरेदी विभागाचा फोन आला. ८२० चालतील, पण हमी १५० तासांचीच. वरवर दहा तासांचा फरक, पण त्याने नफा पंधरावरून नऊ टक्क्यांवर येत होता. सरांनी ते घेतलं, पण पैसे ४५ दिवसांत हवेत या अटीवर. आमची उद्यम नोंदणी लघुउद्योग म्हणून आहे, आणि कायद्याने लेखी करारातही त्याहून जास्त मुदत ठेवता येत नाही. मुदतीत पैसे दिले नाहीत, तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत कंपनीलाच आयकरात वजा मिळत नाही, हेही सरांनी फोनवर सांगितलं. व्याज निम्मं झालं, नफा दहा टक्क्यांच्या थोडा वर गेला. सरांनी सही केली आणि करारावर ४५ दिवसांच्या कलमाखाली पेनने रेघ मारून कागद माझ्याकडे फाइल करायला दिला.