आमची वाटचाल आणि ते 15 अँपिअर

धुळ्यात सोलरचं दुकान टाकलं तेव्हा 330 वॅटची पॅनेल लावायचो, करंट जेमतेम 9 अँपिअर, त्यामुळे व्होल्टेज जमलं की काम झालं, करंट कुणी बघायचंच नाही. मधली वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

घोळ झाला आप्पांच्या जिनिंगवर. आप्पा आमचं पहिलं गिऱ्हाईक. 540 वॅटची बायफेशियल, म्हणजे मागूनही वीज करणारी पॅनेल, 10-10 एकामागे एक जोडून दोन स्ट्रिंग, 10 किलोवॅटचा इन्व्हर्टर, तो मात्र जुन्या स्टॉकमधला, स्वस्तात मिळाला म्हणून घेतला (इथेच चुकलो). त्याच्या लेबलवर प्रत्येक एमपीपीटीला, म्हणजे स्ट्रिंग जोडायच्या इनपुटला, जास्तीत जास्त इनपुट करंट 12.5 आणि शॉर्ट सर्किट 15. पॅनेलचा चालू करंट 13, शॉर्ट सर्किट 13.9. म्हटलं 15 च्या आत आहे ना, चालतंय. पण उन्हाळ्यात आप्पांनी छताला चुना मारला होता, मागच्या काचेवर उजेड पडून 10 टक्के धरले तरी 13.9 चे 15.3 होतात, हे डोक्यातच नाही आलं.

मे महिन्यात आप्पांचा फोन, "मीटर काय सांगस?" जाऊन बघितलं तर अकरा ते दोन ग्राफ सपाट, करंट 12.5 वर अडकलेला आणि दहाचं मशीन पावणेनऊच्या वर जाईना. मशीन पूर्ण 10 वर सपाट झालं तर ती त्याची क्षमता, पण किलोवॅट कमी असताना करंट सपाट म्हणजे पॅनेल जड पडतंय. यात नुसते युनिट जातात, मशीन मरत नाही, कारण ते गरजेपुरताच करंट ओढतं. शॉर्ट सर्किटचा आकडा वेगळा, आत काही बिघडलं की पॅनेल पूर्ण करंट ओततं आणि तो आतल्या पार्टना सोसावा लागतो.

श्रावणात एक इनपुट गेलं. नेमकं कशाने ते कुणीच सांगितलं नाही, कंपनीच्या माणसाने 15 वर बोट ठेवलं आणि वॉरंटी नाही म्हणाला. तसेच अजून दोन साइटला बसवले होते. तिन्ही खिशातून बदलले, छोटा हत्ती विकला. आणि बाजारातला एक जण सांगत सुटला की यांचे इन्व्हर्टर जळतात, जो स्वतः वाय कनेक्टर लावून दोन स्ट्रिंग एकाच 15 च्या इनपुटात घालतो, म्हणजे 27.8! त्याला कुणी विचारत नाही.

आता आम्ही पॅनेलचा शॉर्ट सर्किट करंट सव्वापट करतो, ढगाच्या कडेचं जास्तीचं ऊन आणि मागचा उजेड दोन्ही त्यात बसतं. 13.9 चे 17.4, इनपुटचा शॉर्ट सर्किटचा आकडा त्याच्या वर नसेल तर मशीन घेतच नाही. 210 मिमी सेलच्या पॅनेलला 18.4 असतो, तिथे सरळ 23 होतात. आणि पोरांनो, क्लॅम्प मीटर डीसीवाला घ्या, नुसता एसीवाला स्ट्रिंगला लावून शून्य आलं म्हणून पॅनेल बदलायला निघालेले बघितलेत मी.

आप्पांकडे आता इनपुट 20 आणि शॉर्ट सर्किट 30 वालं मशीन आहे. भर दुपारी क्लॅम्प लावला, 14.1. आप्पा म्हणाले चुना पुढच्या वर्षी पण मारणार.