शोभाकाकूंच्या घरातले चौदा हजार

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या ऑफिसात ऑगस्ट म्हणजे रिटर्नचा हंगाम. मागच्या वर्षी, २०२५ च्या ऑगस्टमध्ये, असंच एका ओल्या दुपारी काका आले. वय ६८, युनिव्हर्सिटीच्या ऑफिसातून निवृत्त, पेन्शन सोडली तर दुसरं उत्पन्न नाही. रिटर्नचं काम पाऊण तासात झालं. मग छत्री उचलता उचलता म्हणाले, "अगं, जरा खात्याकडे बघशील? पेन्शन तीस तारखेला येते आणि पुढच्या अठ्ठावीसला खात्यात खडखडाट. आमचा खर्च एवढा नाही. बँकच पैसे खाते असं मला वाटतं." शोभाकाकू शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे फक्त एकदा पाहिलं. बोलल्या काहीच नाहीत.

रिटर्नसाठी २०२४-२५ चं स्टेटमेंट माझ्याकडे होतंच. काकांनी बँकेच्या नेटबँकिंगमधून ते एक्सेलमध्ये उतरवून पाठवलं होतं, हे नशीब. पीडीएफ असती तर निम्मा दिवस आकडे सरळ करण्यात गेला असता. मी आधी वीस रुपयांखालच्या नोंदी काढून टाकल्या, म्हणजे चहा-बिस्किटं, रिक्षा वगैरे गेली. मग उरलेल्या नोंदी वर्णनाप्रमाणे लावल्या, रकमेप्रमाणे नाही. रकमेप्रमाणे लावलं तर फसायला होतं, कारण सेवेचा दर मध्येच वाढला की तीच सेवा दोन वेगळ्या जागी जाऊन बसते. वर्णनात `ACH D-`, `MANDATE` असे शब्द दिसले की समजायचं, हे पैसे काकांनी पाठवलेले नाहीत, कोणी तरी ओढून नेलेत. वीजबिल दर वेळी येतं, पण त्याची रक्कम बदलते आणि ते काका स्वतः भरतात. ते यात धरायचं नाही.

तासाभरात चार गोष्टी हाती लागल्या. एक सिनेमे-मालिकांची सेवा, महिना १४९. फोनमधल्या फोटोंसाठी जास्तीची जागा, महिना १३०. मुलांना गणित शिकवणारं एक ॲप, महिना २९९. आणि एका संस्थेला देणगी, दर २८ तारखेला ६००.

"गणिताचं ॲप?" काकांनी चष्मा वर सरकवला. "ते तर नातवानं सुट्टीत लावलं होतं. तो गेल्यावर मी काढून टाकलं की फोनमधून!"

इथेच बहुतेकांची गाडी अडते. फोनमधून ॲप काढलं तरी खात्यावरची परवानगी, म्हणजे मँडेट, जिवंत राहतं. ते ॲपजवळ नसतं, यूपीआयच्या व्यवस्थेत नोंदलेलं असतं. पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना द्यावी लागते, हा नियम आहे, आणि ती काकांना येतही होती. पण त्यांच्या फोनवर न वाचलेले मेसेज शेकड्यांनी होते. शिवाय १५,००० रुपयांपर्यंतच्या अशा कपातीला दर वेळी ओटीपी लागत नाही, त्यामुळे अडवायला मध्ये कोणीच नव्हतं.

देणगीची बेरीज करताना मीच चुकले. बारा महिने, दर महिना ६००, म्हणून ७,२०० लिहून मोकळी झाले. मग जमा बाजूकडे नजर गेली. तीन महिने त्याच दिवशी ६०० परत आले होते आणि त्याखाली प्रत्येक वेळी २९५ रुपयांचा आकार. अडीचशे अधिक जीएसटी. म्हणजे देणगी पोचली नऊ वेळा, ५,४०० रुपये. उरलेल्या तीन वेळा खात्यात पैसे नव्हते, मँडेट परतलं, आणि बँकेने ८८५ रुपये घेतले. नुसती नावेची बाजू जोडली तर न गेलेले पैसे खर्चात धरले जातात, आणि हा ८८५ चा दंड मात्र "बँक चार्जेस" म्हणून कुठे तरी वेगळाच राहून जातो.

काकांचा संशय अगदीच खोटा नव्हता, एवढं मी त्यांना सांगितलं. ते खूश झाले. काकू अजूनही गप्प.

एवढ्यावर मी थांबणार होते. पण एक १,४९९ ची नोंद मनातून जाईना. नोव्हेंबरात एकदाच, नाव एका पेमेंट गेटवेचं, सेवेचं नाही. वर्षातून एकदाच आलेली नोंद ही खरेदी आहे की वार्षिक वर्गणी, हे बारा महिन्यांच्या स्टेटमेंटवरून कळूच शकत नाही. म्हणून काकांना आदलं वर्षही उतरवायला लावलं. २०२३ च्या नोव्हेंबरात, दोन दिवस अलीकडे, तेच नाव, तेच १,४९९. त्या तारखेचे मेसेज शोधल्यावर उलगडा झाला. फ्रीज हप्त्यावर घेताना दुकानात त्यांच्याकडून कसलं तरी "कार्ड प्रोटेक्शन" घेतलं गेलं होतं. फ्रीजचे हप्ते कधीच फिटले होते. तशाच पद्धतीने डेबिट कार्डाचे वार्षिक २३६ आणि मे महिन्यातले २० रुपये सापडले. ते वीस म्हणजे पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचा हप्ता. अपघाती विमा, सत्तरीपर्यंत चालतो. त्याला हात लावू नका, म्हटलं.

सगळं मिळून १४,९७६ रुपये निघाले.

काकांनी आकडा दोनदा मोठ्याने वाचला. मग काकू पहिल्यांदा बोलल्या, "आणि मी भाजीवाल्याशी पाच रुपयांसाठी घासाघीस करते."

रद्द करताना आणखी एक गंमत झाली. काकांच्या यूपीआय ॲपमधला ऑटोपेचा भाग उघडला, तर यादी रिकामी! त्यांनी दोन वर्षांपूर्वी फोन बदलला तेव्हा यूपीआय ॲपही बदललं होतं, आणि तेव्हा मँडेट दिसायचं ते ज्या ॲपमध्ये दिलं तिथेच. जुनं ॲप त्याच सिमवर पुन्हा बसवलं आणि सिनेमांच्या सेवेचं नि गणिताच्या ॲपचं, दोन्ही मँडेटं पुढ्यात आली. तिथे "थांबवा" आणि "रद्द करा" असे दोन पर्याय असतात. थांबवलेलं पुन्हा सुरू होऊ शकतं, म्हणून रद्दच केलं, पिन टाकून. कार्ड प्रोटेक्शनसाठी त्या कंपनीला आणि बँकेला, दोघांनाही लिहून दिलं. फोटोंची जागा काकूंनी ठेवायला सांगितली, नातवाचे फोटो त्यातच होते.

देणगीपाशी काका अडले. मॉलमध्ये एका मुलीने फॉर्म भरून घेतला होता, घरी बोलले नव्हते. काकूंकडे न बघता म्हणाले, "ही राहू दे. पण तारीख बदलता येते का?" जुनं मँडेट रद्द करून संस्थेकडे ५ तारखेचं नवं भरावं लागलं. पेन्शन तीसला येते, तेव्हा आता परतायचं कारण उरलं नाही.

ऑक्टोबरात काका पुन्हा आले. हातात सेव-उसळीची पिशवी आणि स्टेटमेंटचा छापील कागद. सप्टेंबरातल्या एका ओळीखाली पेनाने जाड रेघ ओढलेली. १७.७० रुपये.

"हे तुझ्या यादीत नव्हतं."

नव्हतंच. वीस रुपयांखालचं सगळं मीच गाळलं होतं. दर तिमाहीला कापलं जाणारं, वर्षाचे ७०.८०.

"कशाचे गं हे?"

"एसएमएसचे, काका. बँक तुम्हाला जे मेसेज पाठवते ना, त्यांचे."