०.९९९… वरून जुंपली

आज टपरीवर पक्याशी जुंपली. ०.९९९… म्हणजे बरोबर १, हे त्याला पटेना. "किंचित कमीच राहणार ना!" मी १/३ = ०.३३३… ची तिप्पट करून दाखवली, तर गडी त्या ०.३३३… वरच शंका घ्यायला लागला. (तशी शंका रास्तच.)

मग विचारलं, "कमी म्हणजे नेमकं किती?"

"०.०००…१."

"तो १ कितव्या घरात?"

"शेवटच्या."

"अरे, शेवट आहेच कुठे? तू दहावं घर म्हण, अकरा नऊ घेतले की फरक त्याहून लहान. कुठल्याही धन संख्येपेक्षा लहान असलेला फरक शून्यच असणार."

"मग एकाच संख्येची दोन रूपं?"

"हो. ०.५ म्हणजेच ०.४९९९…"

त्यावर तर तो आणखीच भडकला.