कधी फिरतं, कधी घसरतं

‘आजोबांच्या सामानात हे सापडलं, काय असेल?’ अशी पत्रं आमच्या संग्रहालयात नेहमी येतात. आम्ही आधी फोटो बघतो, पत्र मागाहून वाचतो. ही सवय वाईट आहे.

या पत्रासोबत चार फोटो होते. सगळे वरून, फ्लॅश मारून काढलेले, शेजारी मापाला पट्टी नाही. मखमली अस्तराच्या पेटीत पितळेचे दोन दांडे, एकमेकांना सांध्यात जोडलेले. एका दांड्याच्या टोकाला बोथट सुई. सहकारी म्हणाला, “पँटोग्राफ.” मीही होकार दिला. पँटोग्राफ म्हणजे चित्र लहान-मोठं करून उतरवायचं साधन; त्याला चार दांड्यांचा समांतरभुज चौकोन लागतो, हे तेव्हाच सुचायला हवं होतं.

उत्तर लिहायला बसले तेव्हा पत्र नीट वाचलं. त्यात एक वाक्य होतं: ‘सुई कागदावरून नेली की सांध्याजवळचं छोटं चाक कधी फिरतं, कधी नुसतं घसरतं. बिघडलं असावं.’

ते बिघडलेलं नव्हतं, ते त्याचं कामच होतं. ती वस्तू म्हणजे ध्रुवीय प्लॅनिमीटर, नकाशावरच्या वेड्यावाकड्या आकृतीचं क्षेत्रफळ मोजणारं साधन. स्विस गणितज्ञ याकोब आम्सलरनं ते 1854 मध्ये शोधलं. एक दांडा वजनाखाली एका बिंदूशी रोवायचा आणि दुसऱ्याची सुई आकृतीच्या कडेवरून फिरवून सुरुवातीच्या जागी आणायची. चाकाचा आस सुईच्या दांड्याला समांतर असतो. त्यामुळे दांड्याला काटकोनातली हालचाल चाक फिरवते आणि दांड्याच्या दिशेतली त्याला नुसती घसरवते. रोवलेला बिंदू आकृतीबाहेर असेल, तर चाकाचं एकूण फिरलेलं अंतर गुणिले सुईच्या दांड्याची लांबी, एवढंच क्षेत्रफळ.

मी लगेच कळवलं: झाकणातल्या कागदाचा फोटो तिरक्या उजेडात काढा, त्यावरचे अंक त्याच उपकरणाचे असतात. सुईचा दांडा त्या कागदावर दिलेल्या खुणेवर लावा, म्हणजे चाकाचा एक पूर्ण फेरा 100 चौरस सेंटिमीटर दाखवेल. मग 5 सेंटिमीटर बाजूचा चौरस तीनदा गिरवा. चाकावर 100 भाग आहेत, व्हर्नियरनं 1000 वाचता येतात, म्हणजे वाचन 250 यायला हवं.

त्यांनी मनापासून केलं. वाचनं आली 246, 231, 239.

दर वेळी कमी, आणि दर वेळी वेगळी. चाकाच्या कडेवर अगदी बारीक दातऱ्या असतात, त्यांच्याच पकडीनं ते कागदावर फिरतं. कडेला काही लावलं होतं का, असं विचारलं. उत्तर आलं: ‘फोटो स्वच्छ यावेत म्हणून पॉलिशनं चाक घासून लख्ख केलं होतं.’

आमच्या छापील सूचनेत पहिलीच ओळ आहे: ‘वस्तूचे स्वच्छ, स्पष्ट फोटो पाठवा.’ पॉलिश लावू नका, हे कुठेच नाही. वस्तू हाताळताना काय जाणवलं, हे विचारायला रकानाही नाही. ती ओळ बदलावी म्हणून मी दोनदा लिहून दिलंय. त्यांच्या शेवटच्या पत्रात प्रश्न आहे, ‘माझ्याकडून काही बिघडलं का?’ ते पत्र अजून टेबलावरच आहे.