खिडकीतला शेवगा : नवव्या आठवड्याची नोंद

सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या घराच्या मागच्या खिडकीतून एकच झाड पूर्ण दिसते, ते शेवग्याचे. रोज सकाळी त्याच खुर्चीत दहा मिनिटे बसायचे, दिसले तेवढे तीन वाक्यांत वहीत लिहायचे आणि ‘जणू’ व ‘सारखे’ हे दोन शब्द वापरायचे नाहीत, एवढाच नियम मी फाल्गुनात घालून घेतला होता. या आठवड्यात त्या नोंदींतून पहिली कविता उभी राहिली. त्याआधी ती दोनदा फसली आणि दोन्ही वेळा फसण्याचे कारण यमक होते.

अभंगाची सवय असल्यामुळे सुरुवात मी देवद्वार छंदाने केली. त्यात पहिल्या तीन चरणांत प्रत्येकी सहा अक्षरे, चौथ्यात चार आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत यमक असते. पहिला खर्डा असा होता :

खिडकीशी उभा
शेवगा साजिरा
शुभ्र नि गोजिरा
मोहोरला

अक्षरे बरोबर भरतात, यमकही चोख आहे. पण ‘साजिरा’ लिहिताच ‘गोजिरा’ आपोआप हातात आला, कारण ही जोडी आपल्या भाषेत आधीपासून बांधलेलीच आहे; मी झाडाकडे न पाहताही तो चरण पूर्ण झाला असता. ‘शेवगा’ खोडून ‘मोगरा’ लिहून पाहिले, तर एकही अक्षर हलले नाही. झाड बदलून कविता तशीच राहत असेल, तर ते झाड कवितेत आलेलेच नाही.

दुसरा खर्डा वळवानंतरचा आहे. शेवग्याचे लाकूड ठिसूळ असते (घराजवळ शेवगा लावू नये असे म्हणतात, त्यामागे हेही एक कारण असावे) आणि त्या संध्याकाळच्या वाऱ्यात खिडकीकडची फांदी कटकन मोडली. दुसऱ्या दिवशी मोडलेल्या जागी डिंक दिसला. मी लिहिले :

तुटल्या जागेला
डिंक आला काल
आज झाला लाल
पाहा तरी

इथे नुसते सजवणारे विशेषण नाही, म्हणून दोन दिवस मी खूश होते. मग वही उघडली. शेवग्याचा डिंक आधी पांढरा असतो आणि हळूहळू तांबूस-तपकिरी होतो. माझ्या नोंदीत तो रंग चौथ्या दिवशी आला होता. ‘काल’ला जोड हवी म्हणून मी रंगही बदलला आणि मधले दिवसही गिळले. ‘पाहा तरी’ ही तर चार अक्षरांची उघड भरती होती; पाहायचे काम माझे असताना मी ते वाचकावर ढकलले होते.

तेव्हा छंद बाजूला ठेवला आणि त्या पाच दिवसांच्या नोंदी एकाखाली एक मांडल्या. त्या पंधरा ओळी झाल्या, पण ती नुसती यादी होती : पिवळी पडून गळणारी बारीक पर्णदले, मागाहून गळणारे त्यांचे देठ, एक बुलबुल. ओळी वरखाली करून वाचल्या तरी काही बिघडत नव्हते, यावरून ती यादी असल्याचे कळले. ज्या ओळींची जागा बदलता येत नव्हती, तेवढ्याच ठेवल्या :

वळवात फांदी मोडली.
सासूबाई म्हणाल्या, शेंगा काढून घे, वाळतील.
सतरा निघाल्या.
मोडल्या जागी डिंक आला, पांढरा.
खिडकीतून आता शेजारची टाकी दिसते.
चौथ्या दिवशी डिंक तांबूस झाला.

यात ‘पांढरा’ आणि ‘तांबूस’ ही विशेषणेच आहेत, पण ती मी काढणार नाही. पहिले नसेल तर दुसऱ्याला अर्थ उरत नाही आणि दोन्हींच्या मधला काळ दुसऱ्या कोणत्याही शब्दाने दाखवता येत नाही. ‘सतरा’बद्दल मात्र मी बराच वेळ अडले होते. ‘पुष्कळ’ लिहिले असते तर ओळ सैल पडली असती. आकडा ठेवल्यावर शेंगा मोजणारी बाई न सांगता दिसते. टाकीची ओळ सर्वांत उशिरा सुचली, कारण नऊ आठवडे मी झाडाकडे पाहत होते आणि झाडाने काय झाकले होते याची नोंदच वहीत नव्हती.

आज सकाळी मोडलेल्या जागेच्या बोटभर खाली तीन कोंब दिसले. वहीत लिहिले आहेत. कवितेत घालून पाहिले, तर डिंकाचा चौथा दिवस मागे पडला आणि सगळी कविता धीर देऊ लागली. म्हणून ती ओळ खोडली आहे.